पाच लाखांचा आकडा शेवटी येतो

आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर सर्वांत ठळक छापलेला आकडा सम इन्शुअर्डचा, म्हणजे विमा रकमेचा असतो. विमा घेताना घरात चर्चा होते तीही त्याच आकड्याची: तीन लाखांचा घ्यावा की पाच? पुढे हॉस्पिटलचे बिल हातात पडते तेव्हा मनातला हिशेब सरळ असतो. बिल पावणेदोन लाखांचे, विमा पाच लाखांचा, मग काळजी कसली? हा हिशेब चुकतो, कारण क्लेम तपासणारा माणूस पाच लाखांचा आकडा अगदी शेवटी पाहतो. हा आजार आणि हा उपचार पॉलिसीत मुळात बसतो का, हे तो आधी तपासतो. बसत असेल, तर बिलातली किती रक्कम ग्राह्य धरायची ते ठरवतो. मग त्या रकमेतला रुग्णाचा वाटा वजा करतो आणि उरलेला आकडा विमा रकमेच्या आत आहे ना, एवढे पाहून मोकळा होतो. एक्सक्लूजन, डिडक्टिबल, को-पे, रायडर हे शब्द पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर एकाखाली एक छापलेले असतात. तिथे ते वाचून फारसे काही हाती लागत नाही. हिशेबाच्या कोणत्या पायरीवर कोणता शब्द येतो हे कळले, की त्याचा क्लेमवर होणारा परिणामही कळतो.

त्यासाठी एक बिल घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण बिलाची मांडणी नेहमीची आहे. बावन्न वर्षांच्या एका गृहस्थांवर पित्ताशयातल्या खड्यांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. पॉलिसी पाच लाखांची, तिसरे वर्ष पूर्ण होऊन चौथे सुरू. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, आणि को-पे दहा टक्के. गृहस्थ चार दिवस राहिले ती खोली ८,००० रुपयांची होती. बिलात खोलीभाडे ३२,००० रुपये, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून ९६,०००, औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य २८,०००, तपासण्या १४,०००, आणि हातमोजे, मास्क, नोंदणी फी अशा किरकोळ बाबी ६,०००. एकूण १,७६,०००. या बिलाला कात्री कुठे कुठे लागते ते आता पाहू.

पहिली पायरी एक्सक्लूजनची, म्हणजे पॉलिसीने जे वगळले आहे त्याची. हा शब्द ऐकला की कायमचे वगळलेले, असे वाटते आणि काही बाबतींत ते खरे असते. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, किंवा साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्यासाठी केलेली डोळ्यांची शस्त्रक्रिया विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या यादीत कायमच वगळलेली आहे. पण याच यादीत काही एक्सक्लूजन मुदतीचीही आहेत आणि क्लेममध्ये बहुधा तीच आडवी येतात. पॉलिसीचे पहिले तीस दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, मूतखडा, पित्ताशयातले खडे अशा ठरावीक आजारांसाठी साधारणपणे दोन वर्षे थांबावे लागते. विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजाराची मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शकत असे. २०२४ च्या नियमांनी ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. आपल्या गृहस्थांचे चौथे वर्ष चालू असल्याने खड्यांची मुदत त्यांनी ओलांडली आहे. हीच शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्षी झाली असती तर विमा पाच लाखांचा असो की पन्नास लाखांचा, हाती शून्य आले असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या इथे ‘हो’ मिळाल्यावरच सुरू होतात.

या पायरीवर एक कागद फार महत्त्वाचा असतो, तो म्हणजे दाखल होताना लिहिलेला केसपेपर. घाईत असलेला निवासी डॉक्टर रुग्णाला किंवा सोबत आलेल्या मुलाला विचारतो, बीपी आहे का, किती वर्षांपासून. मुलगा अंदाजाने सांगतो, असेल दहा वर्षे. तेवढी एक ओळ केसपेपरवर जाते, तिथून डिस्चार्ज समरीत उतरते आणि क्लेम तपासणाऱ्याच्या टेबलावर पुरावा म्हणून येऊन बसते. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची आणि बीपी दहा वर्षांपासूनचे. प्रस्ताव अर्जात मात्र त्याचा उल्लेख नाही! इथे दोन वेगळे मुद्दे एकमेकांत मिसळतात आणि ते सोडवून घ्यायला हवेत. आधीपासूनच्या आजाराचे एक्सक्लूजन त्या आजाराला आणि त्याच्या थेट गुंतागुंतीला लागू होते. बीपीमुळे पित्ताशयात खडे झाले असे कोणी म्हणणार नाही, त्यामुळे हे एक्सक्लूजन या क्लेमला लागत नाही. अर्जात माहिती दडवली, हा कंपनीचा दुसरा आक्षेप असू शकतो आणि तो स्वतंत्र आहे. त्याला कालमर्यादा आहे: पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम अडवता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. गृहस्थांचे साठ महिने भरलेले नाहीत, म्हणून केसपेपरवरचा तो अंदाज त्यांना महागात पडू शकतो. चुकीची नोंद झाली असेल तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून जुन्या कागदांच्या आधारे ती दुरुस्त करून घेणे सोपे असते; महिनाभराने दुरुस्त केलेल्या कागदाकडे कंपनी संशयाने पाहते आणि तिचा संशय अगदीच निराधार असतो असेही नाही.

समजा, गृहस्थ ही पायरी पार करून पुढे आले. आता ग्राह्य रकमेचा प्रश्न, आणि माझ्या मते सामान्य माणसाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. खोलीभाड्याची मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची, म्हणजे दिवसाला ३,००० प्रमाणे चार दिवसांचे १२,००० आपल्या खिशातून जातील, असे कुटुंब धरून चालते. पण पॉलिसीत ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणजे प्रमाणशीर कपातीचे कलम असते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर खोलीशी निगडित इतर खर्चही त्याच प्रमाणात कमी धरायचे, असे ते सांगते. पाच भागिले आठ म्हणजे साडेबासष्ट टक्के. म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि भेटींचे ९६,००० रुपये ६०,००० वर येतात. खोलीचे १२,००० कुटुंबाने गृहीत धरले होते. त्यामागे उभे असलेले ३६,००० कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

या कलमामागे तर्क आहे, हे मान्य करायला हवे. अनेक हॉस्पिटलांत खोलीच्या वर्गानुसार सर्जनची फी आणि थिएटरचे दरही बदलतात. त्याच माणसाची तीच शस्त्रक्रिया जनरल वॉर्डात एका दराने आणि स्वतंत्र खोलीत वेगळ्या दराने होते. पाच हजारांच्या खोलीच्या हिशेबाने हप्ता घेतलेल्या कंपनीने आठ हजारांच्या खोलीची फी का भरावी? पण हा तर्क जिथे लागू होत नाही तिथेही कात्री चालवली जात असे, म्हणून नियामकाने २०२० मध्ये तिला हद्दी घातल्या. औषधे, साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या खर्चाला लावता येत नाही, आणि जे हॉस्पिटल खोलीच्या वर्गानुसार वेगळे दर लावतच नाही तिथे ती कपातच करता येत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे. सध्या गृहस्थांच्या बाजूला खोलीचे २०,०००, शस्त्रक्रियेशी संबंधित ६०,०००, औषधे-साहित्याचे २८,००० आणि तपासण्यांचे १४,००० असे १,२२,००० रुपये ग्राह्य ठरले. हातमोजे, मास्क वगैरेंचे ६,००० ‘नॉन-पेएबल’ यादीत गेले.

आता रुग्णाचा वाटा. को-पे हा टक्क्यांत असतो आणि डिडक्टिबल ठोक रुपयांत. को-पे प्रत्येक क्लेममध्ये कंपनीसोबत आपल्यालाही भागीदार करतो. डिडक्टिबल सांगतो की अमुक रकमेपर्यंतचे तुमचे तुम्ही पाहा, त्यावरच्याचे आम्ही पाहू. दोन्ही ग्राह्य रकमेवर लागतात, बिलावर नव्हे. गृहस्थांचा दहा टक्के को-पे १,७६,००० वर न लागता १,२२,००० वर लागतो: १२,२०० वजा होऊन १,०९,८०० रुपये मंजूर होतात. म्हणजे ६६,२०० रुपये त्यांनी भरायचे. पाच लाखांच्या विम्याला या सगळ्यात हातसुद्धा लागलेला नाही.

समजा, हप्ता कमी करण्यासाठी त्यांनी ५०,००० चा डिडक्टिबलही घेतला असता. मग १,२२,००० मधून आधी ५०,००० वजा केले तर ७२,००० उरतात आणि त्यावर दहा टक्के को-पे गेला की ६४,८०० मिळतात. उलट आधी को-पे काढून १,०९,८०० आणि मग ५०,००० वजा केले, तर ५९,८०० मिळतात. शब्द तेच, आकडे तेच, फक्त क्रम बदलला आणि पाच हजार रुपये इकडचे तिकडे झाले. हा क्रम पॉलिसीच्या मजकुरात शोधावा लागतो, माहितीपत्रकात तो नसतो. एक दिलासा मात्र आहे: डिडक्टिबल किंवा को-पे यांमुळे विमा रक्कम कमी होत नाही, असे नियामकाच्या व्याख्येतच म्हटले आहे. ५०,००० च्या डिडक्टिबलमुळे पाच लाखांचे साडेचार लाख होत नाहीत. पन्नास हजारांच्या वर आणखी पाच लाख, असा त्याचा अर्थ.

डिडक्टिबलचा आणखी एक बारकावा टॉप-अप पॉलिसी घेणाऱ्यांना ठाऊक असायला हवा. पाच लाखांच्या डिडक्टिबलची टॉप-अप पॉलिसी आहे, आणि एकाच वर्षात आधी चार लाखांचा व नंतर साडेतीन लाखांचा, असे दोनदा ग्राह्य खर्च झाले. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला नव्याने मोजला जातो. चार लाख पाचाच्या आत, साडेतीन लाखही पाचाच्या आत, म्हणून दोन्ही वेळा शून्य. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या ग्राह्य खर्चाची बेरीज करून एकदाच डिडक्टिबल काढतात. साडेसात लाखांतून पाच गेले, अडीच लाख मिळतात. ‘सुपर’ हे विशेषण एखाद्या साबणाच्या जाहिरातीतले वाटते, पण इथे त्याची किंमत अडीच लाख आहे.

राहता राहिला रायडर. विमा एजंट त्याला ॲड-ऑनही म्हणतात. रायडर म्हणजे जादा फायदा, अशी समजूत असते आणि तो निवडताना हप्ता किती वाढतो एवढेच पाहिले जाते. त्यापेक्षा सोपी कसोटी अशी, की हा रायडर मूळ पॉलिसीतले कोणते कलम मागे घेतो? किरकोळ साहित्याचा रायडर नॉन-पेएबल यादी मागे घेतो. आपल्या बिलात त्यामुळे ६,००० ग्राह्य होतात. खोलीभाड्याची मर्यादा उठवणारा रायडर त्याच बिलात १२,००० आणि ३६,००० मिळून ४८,००० ग्राह्य करतो. दोन्हींचा हप्ता सारखाच जरी असला तरी दोन्हींचे वजन सारखे नाही. मोटारीच्या विम्यात हे आणखी उघड दिसते. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली तर पुराचे नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही धरलेले असते. पण पाणी भरलेल्या गाडीला स्टार्टर मारला, पाणी सिलिंडरमध्ये शिरून इंजिन जाम झाले, तर ते पुराचे नसून त्यानंतरच्या कृतीचे नुकसान ठरते आणि परिणामजन्य नुकसानीच्या एक्सक्लूजनमध्ये जाते. इंजिन प्रोटेक्टचा रायडर नेमके तेवढेच मागे घेतो. मुंबईत किंवा पनवेलला सखल भागात गाडी लावणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. सोलापूरला उंचावर राहणाऱ्याने तो घ्यावा की नाही, हे त्याने ठरवावे. मात्र रायडर मूळ पॉलिसीच्या खांद्यावर बसलेला असतो. पहिल्याच पायरीवर मूळ क्लेम नाकारला गेला, तर हातमोज्यांचे सहा हजारही रायडरमधून मिळत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला, सरळ मोठ्या रकमेचा विमा घ्यावा. खोलीची मर्यादा टक्क्यांत असेल तिथे याचा उपयोग होतो: दहा लाखांच्या एक टक्क्याने दहा हजारांची खोली मिळते आणि आपल्या गृहस्थांचे ४८,००० ग्राह्य होतात. पण सगळीकडे असे नसते. आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी २०२० मध्ये आली, तेव्हा तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० अशी होती. अडीच लाखांच्या पॉलिसीला ५,००० आणि पाच लाखांच्या पॉलिसीलाही ५,०००! मोतीबिंदूलाही तसेच: विमा रकमेच्या पंचवीस टक्के किंवा एका डोळ्यामागे ४०,०००, यांतली कमी असेल ती रक्कम. पाच टक्के को-पे तर कितीही मोठ्या विम्याला तसाच. आणि नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेपुरती आधीच्या आजारांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. तीनाचे दहा लाख करून आपण सुरक्षित झालो असे समजणारा मधुमेही माणूस त्या आजारापुरता आणखी काही वर्षे तीन लाखांवरच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सारी कलमे कंपनीने पैसे वाचवण्यासाठी रचलेली आहेत, त्यांना तर्काचा मुलामा देण्यात काय अर्थ? यात अर्धे सत्य आहे. को-पे आणि डिडक्टिबल या उघड देवाणघेवाणी आहेत. आपण जोखमीचा काही भाग स्वतःकडे ठेवतो आणि त्या बदल्यात हप्ता कमी होतो. मुदतीच्या एक्सक्लूजनशिवाय लोक शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर विमा घेतील आणि तो खर्च इतरांच्या हप्त्यावर पडेल. पण पॉलिसीचा एक हात देतो आणि दुसरा काढून घेतो, असेही घडते. तळघरातल्या एका दुकानाचा आगीचा विमा उतरवलेला होता आणि त्याच पॉलिसीत तळघर वगळल्याचे कलम होते. आग लागल्यावर कंपनीने त्या कलमाकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्या गोष्टीचा विमा उतरवला तीच नाहीशी करणारे एक्सक्लूजन टिकू शकत नाही. न्यायालयांची भूमिका सर्वसाधारणपणे अशी राहिली आहे, की एक्सक्लूजन लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची, आणि मजकूर संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचा. प्रमाणशीर कपातीचे कलम मला या दोन टोकांच्या मधले वाटते. ते अन्यायाचे नाही, पण बारा हजारांमागे छत्तीस हजार लपवणारे कलम खोलीची निवड करण्याच्या क्षणी कोणी समोर ठेवत नाही, आणि दाखल होण्याच्या खिडकीपाशी उभ्या नातेवाइकाने ते भागाकार करून काढावे ही अपेक्षा अवास्तव आहे.

म्हणून पुन्हा आपल्या बिलाकडे येऊ. क्लेम मंजूर झाल्यावर कंपनीकडून किंवा तिच्या टीपीएकडून हिशेबाचे एक पत्रक येते. बिल, मंजूर, नामंजूर आणि कारण असे त्याचे रकाने असतात. रक्कम कापली तर पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार कापली हे कंपनीने कळवायचे असते. नुसते ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ असे मोघम कारण पुरेसे नाही. आपल्या गृहस्थांच्या पत्रकात ३६,००० पुढे प्रमाणशीर कपात असे लिहिलेले आहे. आता हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात एकच प्रश्न विचारायचा: पाच हजारांच्या खोलीत राहिलो असतो तर सर्जनची फी आणि थिएटरचा दर कमी लागला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर कपात बरोबर आहे आणि गृहस्थांना खरा फटका खोली निवडताना बसला. उत्तर ‘नाही, आमचे दर सर्व खोल्यांना सारखेच’ असे असेल, तर तसे हॉस्पिटलच्या कागदावर लिहून घ्यायचे, दरपत्रक जोडायचे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे क्लेमचा फेरविचार मागायचा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कपात मागे घेतली गेली की ९६,००० पूर्ण ग्राह्य होतात, ग्राह्य रक्कम १,५८,००० वर जाते, दहा टक्के को-पे वजा होऊन १,४२,२०० मिळतात. आधीच्या हिशेबापेक्षा ३२,४०० जास्त. खोलीभाड्यातले १२,००० आणि किरकोळ बाबींचे ६,००० तेव्हाही परत मिळत नाहीत.